रुग्णवाहिका उभी होती

“सिस्टर, गाडी समोर उभी आहे आणि तुम्ही त्याला पाण्यात काय हलवत बसलाय?” हे वाक्य मला एका धावपटूच्या थोरल्या भावाने वरळी सीफेसवरच्या आमच्या तंबूत ऐकवले होते. आवाज चढलेला होता, पण त्यात उद्धटपणा नव्हता; भीती होती. त्याच्या पाठीमागे पंधरा पावलांवर रुग्णवाहिका दारे उघडून उभी होती, चालक सुकाणूवर हात ठेवून बसला होता आणि त्याचा धाकटा भाऊ मात्र सहा अनोळखी माणसांनी धरलेल्या निळ्या ताडपत्रीत, बर्फाच्या पाण्यात पडून होता. नोंदीच्या कागदावर रुग्णवाहिका आल्याची वेळ ७.२९ आहे आणि निघाल्याची ७.५१. त्या बावीस मिनिटांबद्दल त्या भावाला जे वाटले ते कोणालाही वाटले असते. अपघात झाला, कोणी कोसळले, की पहिली धडपड माणसाला गाडीत घालण्याची, हे आपल्या अंगात इतके मुरले आहे की गाडी दारात असताना ती थांबवून ठेवणारा माणूस निष्काळजी तरी वाटतो किंवा वेडा तरी. मी आठवडाभर अतिदक्षता विभागात काम करते आणि काही रविवारी शर्यतींच्या वैद्यकीय पथकात स्वयंसेवक म्हणून उभी राहते. गाडी थांबवण्याचा निर्णय बरोबर होता हे मला तेव्हाही ठाऊक होते. तरीही ते वाक्य टोचत राहिले, कारण त्या क्षणी त्याला उत्तर द्यायला मला सवड नव्हती.

ती ऑगस्टमधली दहा किलोमीटरची शर्यत होती आणि ती साडेसहाला सुटली. आभाळ भरलेले होते, पहाटे एक सर येऊन गेली होती, समुद्र कठड्यावर आपटत होता आणि हवेत खारट ओल इतकी होती की तंबूतल्या कापसाचे बोळेसुद्धा दमट लागत होते. तापमापक सत्तावीस अंश दाखवत होता. अशा दिवशी लोक म्हणतात, आज ऊन नाही, बरे झाले. उष्माघात म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर विदर्भातला मे महिना येतो, डोक्याला बांधलेला पंचा येतो. पण धावणाऱ्या माणसाला उष्माघात व्हायला बाहेरचे ऊन लागतेच असे नाही. उष्णता त्याचे स्वतःचे स्नायू तयार करतात. स्नायूंना मिळणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष हालचालीत जातो आणि उरलेली सगळी उष्णता होऊन रक्तात उतरते. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घाम हा आहे, आणि घाम नुसता येऊन भागत नाही, तो त्वचेवरून उडून जावा लागतो. श्रावणात दोरीवरचे कपडे जसे दोन दोन दिवस वाळत नाहीत तसाच तो घामही वाळत नाही. तो निथळून बुटात जातो आणि शरीराचा एक अंशही कमी करत नाही. त्यात दहा किलोमीटर हे अंतर फसवे आहे. पूर्ण मॅरेथॉन धावणारा माणूस दमून आपोआप वेग कमी करतो. दहा किलोमीटरवाला पन्नास मिनिटांच्या आत संपवायचेच म्हणून शेवटपर्यंत जोर लावतो, आणि दर मिनिटाला तयार होणारी उष्णता ही वेगावर ठरते, अंतरावर नाही. म्हणून तापून कोसळलेला माणूस शोधायचा असेल तर आमची नजर शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात वेगाने येणाऱ्यांवर असते.

त्याला सर्वांत आधी आमच्या पथकातल्या फिजिओथेरपीच्या विद्यार्थिनीने पाहिले. अंतिम रेषा तिथून सुमारे पाचशे मीटर होती. ७.१८ ला तो रस्त्याच्या मध्यातून दुभाजकाकडे ओढला गेला, मग पुन्हा उलट बाजूला आला. मान एका बाजूला कललेली, गुडघे वाकलेले, आणि पावले मात्र अजून धावण्याच्याच लयीत पडत होती. कोणी तरी “शाब्बास, आले, आले” असे ओरडले. तिने हाताला धरून थांबवायचा प्रयत्न केला तेव्हा त्याने तिला ढकलून दिले. हे ढकलणे फार महत्त्वाचे असते. नुसता दमलेला माणूस आधार दिला की आधार घेतो. ज्याचा मेंदू तापला आहे तो चिडतो, शिव्या देतो, भलत्याच दिशेला चालू लागतो. ७.१९ ला तो आमच्यापासून शंभरेक पावलांवर कोसळला.

रेषेच्या अलीकडे कोसळणे आणि पलीकडे कोसळणे यांत फार अंतर आहे, हे इथे सांगायला हवे. रेषा ओलांडून एकदम थांबलेल्या धावपटूंना भोवळ येते ती बहुधा पायांत साचलेल्या रक्तामुळे. धावताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात, माणूस थांबला की ते ढकलणेही थांबते आणि रक्तदाब घसरतो. अशांना आडवे करून पाय उशीएवढे नव्हे, चांगले हातभर उंच केले की काही मिनिटांत ते उठून पदक कुठे मिळते ते विचारतात. धावता धावता, रेषेच्या आधी पडलेला माणूस मात्र दुसरे काही सिद्ध होईपर्यंत गंभीरच धरायचा असतो.

आम्ही स्ट्रेचर घेऊन पोहोचलो तेव्हा पहिला प्रश्न उष्णतेचा नव्हता, हृदयाचा होता. खांदे हलवून मोठ्याने हाक मारली आणि छातीकडे पाहिले. तो श्वास घेत नसता, किंवा मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड उघडतो तसे अधूनमधून आचके देत असता, तर बाकीचे सगळे विसरून छाती दाबायला सुरुवात झाली असती: छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या गतीने, आणि दुसऱ्याने विजेचा झटका देणारे यंत्र धावत आणले असते. इथे श्वास चालू होता, उथळ आणि भराभर. मनगटाला नाडी लागत होती, मिनिटाला १६४. अंग घामाने निथळत होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण उष्माघातात त्वचा कोरडी पडते असे शाळेच्या पुस्तकापासून सगळीकडे वाचलेले असते आणि अंग ओले पाहून लोक निर्धास्त होतात. घरात बसून, दिवसेंदिवसच्या उकाड्याने आजारी पडलेल्या वृद्धांची त्वचा कोरडी असू शकते. धावपटू बहुतेक वेळा चिंब भिजलेला असतो. मी विचारले, “नाव काय तुमचे?” त्याने नाव सांगितले. “आत्ता कुठे आहात?” त्यावर तो म्हणाला, “स्टेशनला.” डॉक्टरांनी आणि मी एकमेकांकडे पाहिले.

७.२३ ला तो तंबूत होता. बोट टोचून साखर पाहिली, ती १२८ आली, म्हणजे साखर उतरल्यामुळे हा गोंधळ नव्हता. दरम्यान भाऊ धावत आला होता आणि त्याच्या हातात ग्लुकोजच्या पाण्याची बाटली होती. ती मी काढून घेतली. भान हरपलेल्या माणसाला तोंडाने काही देणे म्हणजे ते श्वासनलिकेत जाण्याची वाट करून देणे होय. गर्दीतून कोणी कांदा हुंगवायला सांगत होते, कोणी पॅरासिटामॉल द्या म्हणत होते. कांद्याने निदान नुकसान नाही. पॅरासिटामॉल मात्र इथे निरुपयोगी आहे, कारण हा ताप नव्हे. तापात मेंदूच शरीराला ‘अजून गरम हो’ असा हुकूम देतो आणि औषध तो हुकूम मागे घ्यायला लावते. इथे मेंदू गार हो म्हणून केव्हाचा ओरडत असतो, शरीरालाच ते जमत नसते.

मग तापमान. आमच्या टेबलावर कपाळासमोर धरायचे पिस्तुलासारखे यंत्र होते. एका उत्साही स्वयंसेवकाने ते लावले आणि आकडा आला ३६.९. काखेतल्या थर्मामीटरने ३८.१ दाखवले. एवढ्यावर थांबलो असतो तर कागदावर ‘थकवा’ असे लिहून पंखा लावून बसलो असतो. घामाने ओली झालेली, वाऱ्याने गार झालेली कातडी आत काय चालले आहे ते सांगत नाही. खरे तापमान कळण्याचा रस्त्यावरचा एकच विश्वासार्ह मार्ग आहे, तो म्हणजे गुदमार्गाने मोजणे. त्यासाठी मऊ, लवचिक तारेचे तापमापक असते. ते वंगण लावून दहा ते पंधरा सेंटीमीटर आत सरकवायचे आणि तिथेच राहू द्यायचे, म्हणजे उपचार चालू असताना आकडा सतत दिसत राहतो. आपल्याकडे हे टाळले जाते ते लाजेने. रुग्ण लाजतो, नातेवाईक बिचकतात आणि खरे सांगायचे तर करणाऱ्यालाही भर रस्त्यावर ते नको वाटते. आम्ही दोन चादरी आडव्या धरल्या, भावाला चादरीच्या आत बोलावून काय करतो आहोत ते एका वाक्यात सांगितले आणि डॉक्टरांनी तार सरकवली. ७.२४. आकडा चढत चढत ४१.७ वर स्थिरावला.

कोणीच काही बोलले नाही.

चाळीस अंशांच्या वर गेलेले आतले तापमान आणि त्याच्या जोडीला बिघडलेले भान, या दोन गोष्टी एकत्र आल्या की उष्माघाताचे निदान पुरे होते. त्यानंतर विचार करण्यात वेळ घालवायचा नसतो. बर्फाच्या पाण्याने भरलेला टब मिळाला तर तो सर्वोत्तम. आमच्याकडे टब नव्हता, ताडपत्री होती. पावसाळ्यात मुंबईत ताडपत्रीची काय कमतरता? सहा माणसांनी ती चारी बाजूंनी कमरेपर्यंत उचलून धरली की मधे होडीसारखा खळगा होतो. त्यात त्याला उताणे ठेवले. बूट आणि बनियन काढले होते, चड्डी राहू दिली. पाण्याचे वीस लिटरचे पाच जार ओतले आणि पहाटे मासळी बाजारातून आणलेल्या बर्फाच्या लादीचा चुरा, जो पोत्यात घालून लाकडी दांडक्याने आधीच कुटून ठेवला होता, तो दोन घमेली भरून त्याच्या अंगावर टाकला. त्या बर्फाला मासळीचा वास होता आणि एका ठिकाणी खवला चिकटलेला होता, हे अजून आठवते. एक जण फक्त डोक्यापाशी होता: दोन्ही हातांनी डोके धरून तोंड पाण्यावर ठेवणे एवढेच त्याचे काम, ते सोडून दुसरे काहीही करायचे नाही. माझ्याकडे तापमापक, घड्याळ आणि डोक्यावर आळीपाळीने ठेवायचे बर्फाच्या पाण्यातले दोन पंचे होते. बाकीच्यांनी ताडपत्रीच्या कडा वर-खाली करत पाणी हलवत राहायचे, कारण पाणी स्थिर राहिले तर अंगालगतचा थर कोमट होतो आणि तोच अंगाभोवती पांघरुणासारखा बसतो. पाण्यात उतरवल्याची वेळ ७.२७.

काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवून भागत नाही का, असे पुष्कळ जण विचारतात. पिशव्या शरीराच्या फार थोड्या भागाला लागतात आणि तापमान फार सावकाश उतरवतात. दुसरे काहीच नसेल तेव्हा त्या ठेवाव्यात. ओला कपडा आणि पंखा हा उपाय कोरड्या हवेत बरा चालतो, पण ऑगस्टच्या मुंबईत जो घाम वाळत नाही तिथे ओला कपडा तरी कसा वाळणार? एकदम गार पाण्यात घातल्याने रक्तवाहिन्या आक्रसतात आणि उष्णता आतच अडकते, अशी एक जुनी शंका आहे. ती पाठ्यपुस्तकांतही होती, पण प्रत्यक्ष मोजमापांत टिकली नाही. गार पाण्यात बुडवलेला माणूस सगळ्यांत जलद उतरतो, हवेत ठेवलेल्यापेक्षा कितीतरी पटींनी.

७.२९ ला रुग्णवाहिका आली आणि तेव्हाच भावाने ते वाक्य म्हटले. तो प्रश्न बरोबर होता, त्याचे उत्तर गाडीत नव्हते एवढेच. रुग्णालय चार किलोमीटरवर होते. शर्यतीसाठी वळवलेले रस्ते, गाडीत चढवणे, तिथे उतरवणे, तातडीच्या विभागात पुन्हा सगळे सांगणे, पुन्हा तापमान घेणे आणि मग बर्फ शोधणे, या सगळ्यात किती वेळ जातो ते मी आतल्या बाजूने रोज पाहते. मोठ्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागातही माणूस बुडेल एवढा टब आणि मणभर बर्फ तयार नसतो. आमच्या ताडपत्रीत तो होता. पेशींना इजा होते ती तापमान किती चढले यापेक्षा ते तिथे किती वेळ राहिले यावर अधिक अवलंबून असते. कोसळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत एकोणचाळीसच्या खाली आणले तर माणूस जवळजवळ हमखास वाचतो. तास-दीड तास लोटला तर यकृत, मूत्रपिंडे, रक्त गोठण्याची क्रिया आणि मेंदू असे एकेक करून कोलमडू लागतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फॅलमथ गावी दर ऑगस्टमध्ये सुमारे सव्वाअकरा किलोमीटरची एक शर्यत होते. तिथल्या वैद्यकीय तंबूच्या अठरा वर्षांच्या नोंदींत असे २७४ धावपटू आहेत. सगळ्यांना तिथेच गार पाण्यात बुडवले आणि सगळे जगले. ‘आधी गार करा, मग न्या’ हा नियम त्या आणि तशाच तंबूंतून आला आहे. पण हे सगळे कातावलेल्या भावाला त्या क्षणी कसे सांगायचे? मी एवढेच म्हटले, “दादा, हा आकडा बघत राहा. तो एकोणचाळीस झाला की आपण निघू,” आणि यंत्राचा पडदा त्याच्याकडे फिरवला.

ही गोष्ट नंतर मी प्रत्येक तंबूत करत आले आहे. मोकळ्या हातांनी उभ्या असलेल्या माणसाला काही तरी मोजायला द्यावे.

७.३२ ला ४१.० झाले. तोपर्यंत तो हातपाय झाडत होता, एकदा त्याने ताडपत्री धरणाऱ्याच्या छातीवर लाथ मारली आणि त्या पोराने कड सोडली नाही. अर्धा जार आणखी बर्फ टाकला. ७.३७ ला ४०.२, झटापट थांबली आणि डोळे एका जागी ठरू लागले. इथे मला नेहमी धाकधूक होते, कारण शांत होणे हे सुधारणेचे चिन्ह असू शकते आणि बुडत चालल्याचेही, म्हणून दर मिनिटाला नाव विचारत राहायचे आणि छातीचा उतारचढाव पाहायचा. उलटी आली तर सगळ्यांनी मिळून त्याला कुशीवर कसे वळवायचे ते आधीच ठरले होते. ती आली नाही. ७.४२ ला भावाने मोठ्याने वाचले, “एकोणचाळीस पॉइंट चार.” त्याच सुमारास पाण्यातून आवाज आला, “माझं घड्याळ थांबवलं का कोणी?” मनगटावरचे घड्याळ अजून शर्यतीची वेळ मोजत होते. डॉक्टर हसले, भाऊ रडला. मी पुन्हा विचारले, “कुठे आहात?” आणि त्याने वरळी म्हटले, जरा वैतागूनच.

७.४५ ला ३८.९ दिसताच त्याला बाहेर काढले. अजून थोडे उतरवू या, असा मोह होतो, पण तो आवरायचा असतो. बाहेर काढल्यावरही गार झालेले रक्त आत फिरत राहते आणि तापमान आपसूक आणखी खाली जाते. सदतीसपर्यंत पाण्यात ठेवले तर पुढे ते पस्तिसावर जाऊन नवीच पंचाईत होते. अंग पुसले, कोरडी चादर घातली. तो कुडकुडत होता. कोसळल्यापासून सव्वीस मिनिटे झाली होती, पाण्यात अठरा. ७.५१ ला गाडी निघाली तेव्हा तापमान ३८.३ होते.

गाडीबरोबर मी एक कागद पाठवला आणि त्याच्या मनगटाला चिकटपट्टी लावून तिच्यावरही पेनने लिहिले: ७.२४ ला ४१.७, गुदमार्गाने. हा माझा हट्ट असतो. आपण आपले काम जितके चांगले केले असेल तितका रुग्णालयात पोहोचलेला माणूस ठणठणीत दिसतो, आणि तिथल्या नव्या डॉक्टरला एक थकलेला, किंचित ताप असलेला, गप्पा मारणारा तरुण दिसतो. तसेच झाले. भावाने नंतर सांगितले की तासाभरात घरी सोडण्याचे बोलणे चालू झाले होते, ते मनगटावरची ओळ वाचून थांबले. दुसऱ्या दिवशीच्या रक्तात स्नायू आणि यकृत दोन्ही दुखावल्याच्या खुणा चढलेल्या दिसल्या. त्या अशाच एक-दोन दिवस उशिरा दिसतात. चौथ्या दिवशी त्या उतरणीला लागल्यावर त्याला घरी सोडले.

पुढच्या आठवड्यात त्याचा स्वतःचा फोन आला. तो नाशिकला राहतो. तिथल्या गार सकाळी सराव करून आदल्या रात्री मुंबईत उतरला होता. दमट उष्म्याची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात आणि त्याला दहा तासही मिळाले नव्हते. शर्यतीच्या दोन दिवस आधी त्याला जुलाब झाले होते, हे त्याने घरात कोणालाच सांगितले नव्हते. मला सांगतानाही आवाज खाली आला. शेवटच्या दोन किलोमीटरचे त्याला काही आठवत नव्हते. ताडपत्री, बर्फ, लाथ, काहीच नाही. त्याला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती कोणती हे मला फोन घेतानाच कळले होते. घरी सोडल्यापासून निदान सात दिवस अजिबात धावायचे नाही, मग रक्त पुन्हा तपासायचे, ते नीट आले तर गार वेळी हळू चालण्या-धावण्यापासून सुरुवात करून दोनेक आठवड्यांत थोडे थोडे वाढवायचे, पोट बिघडले किंवा ताप आला तर त्या दिवशीची शर्यत सोडायची, आणि हे सगळे आपल्या डॉक्टरांना विचारून, असे मी त्याला सांगितले. त्याने ऑक्टोबरमधल्या एका शर्यतीचे नाव घेतले. ऑक्टोबरचा उकाडा नको, मी म्हटले. मग त्याने डिसेंबर विचारला. डिसेंबरला माझी हरकत नव्हती.